पंधरा सेकंद, गुणिले चार

हृदय आकुंचन पावून महाधमनीत रक्त ढकलते, तेव्हा धमन्यांच्या लवचीक भिंतींमधून दाबाची एक लाट पुढे पसरत जाते. मनगटावर बोटाला जाणवतो तो या लाटेचा धक्का. प्रत्यक्ष रक्त इतक्या वेगाने वाहत नाही. लाट मात्र सेकंदाच्या एक-दोन दशांशांत मनगटापर्यंत येऊन पोचते. एका मिनिटात असे किती ठोके पडतात, तो नाडीचा दर. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचा दर साधारणपणे ६० ते १०० या दरम्यान असतो. रोज लांब पल्ल्याचे धावणाऱ्यांचा तो ५०च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकतो, आणि नवजात बाळाचा १२०च्या पुढे सहज जातो.

दर मिनिटाला सांगायचा, पण मोजायचा मात्र १५ सेकंदच आणि आलेला आकडा चौपट करायचा, ही पद्धत दवाखान्यात, प्रथमोपचाराच्या वर्गात आणि व्यायामशाळेत सर्रास वापरली जाते. एका मिनिटात १५ सेकंद चार वेळा बसतात, म्हणून गुणिले चार, गणित एवढेच. १५ सेकंदांत १८ ठोके मोजले तर १८ × ४ म्हणजे ७२. मिनिट हे एकक या कामात रुजवण्याचे बरेचसे श्रेय इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फ्लॉयर यांच्याकडे जाते. घड्याळात सेकंदकाटा सर्रास नसण्याच्या त्या काळात त्यांनी नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ मुद्दाम करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाव मिनिटाची पळवाट पुढे कामाच्या घाईतून आली. ती चांगली पळवाट आहे, पण कुठे चालते आणि कुठे दगा देते हे माहीत असले तरच.

मोजण्याआधी नाडी नीट सापडायला हवी. तळहात वर करून हात टेबलावर किंवा मांडीवर सैल ठेवावा. बांगड्या, घड्याळाचा पट्टा कोपराकडे सरकवावा. मूठ हलकेच वळून मनगट थोडे आत वाकवले की मध्यावर दोन ताठ कंडरा उठून दिसतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या कंडरेच्या पलीकडे, हाडाची कड लागण्याआधी, एक उथळ खाच असते. धमनी त्या खाचेत, हाडावर टेकलेली असते. मूठ उघडून हात सैल सोडावा आणि त्या खाचेत तर्जनी व मधले बोट, हवे तर अनामिकाही, शेजारी शेजारी ठेवावीत. बोटांची टोके नव्हे, पेरांचा मऊ भाग टेकवायचा.

अंगठ्याने नाडी पाहू नये असे शिकवतात. त्याचे कारण अंगठ्यातील धमनी चांगली ठसठशीत असते. जोर दिला की मोजणाऱ्याला स्वतःचेच ठोके जाणवू लागतात आणि ते रुग्णाच्या नावावर जमा होतात. जोर लावण्याचीही एक रीत आहे. आधी ठोका नाहीसा होईपर्यंत दाबावे, मग दाब हळूहळू कमी करत जावे, आणि ज्या दाबाला ठोका सर्वांत ठळक लागतो तिथे बोटे स्थिर ठेवावीत. नवखे लोक बहुतेकदा फार जोराने दाबतात, धमनी पूर्ण मिटते, आणि ‘नाडी लागतच नाही’ अशी तक्रार येते.

तीन बोटे ठेवण्याची पद्धत पाहून अनेकांना वैद्यांची नाडीपरीक्षा आठवते. जागा तीच असली तरी प्रश्न वेगळा आहे. शार्ङ्गधर संहितेपासून चालत आलेली नाडीपरीक्षा नाडीची चाल पाहते, ती सापासारखी, बेडकासारखी की हंसासारखी, यावरून दोष ठरवते. घड्याळ लावून केलेली मोजणी चालीबद्दल फारसे बोलत नाही. ती किती एवढेच सांगते, आणि नीट लक्ष दिले तर ठोके सारख्या अंतराने पडतात की नाही, हेही.

माणूस जिना चढून आला असेल, नुकताच चहा किंवा सिगारेट ओढून झाली असेल, किंवा रागावलेला असेल, तर मिळेल तो आकडा त्या क्षणाचा, विश्रांतीचा नव्हे. म्हणून विश्रांतीचा दर पाहायचा असल्यास पाच मिनिटे गप्प बसवावे. मोजणी चालू असताना बोलूही देऊ नये.

यानंतर खरी मोजणी, आणि चूक बहुतेकदा पहिल्याच ठोक्याला होते. नाडीचा दर म्हणजे खरे तर दोन ठोक्यांमधल्या अंतरांचा हिशेब. हाताला बोटे पाच, पण त्यांमधल्या फटी चारच असतात. तसेच ठोके आणि अंतरे यांत एकाचा फरक राहतो. ठोका पडला त्याच क्षणी घड्याळ सुरू केले तर तो ठोका ‘शून्य’ म्हणायचा आणि पुढचा ‘एक’. कारण ‘एक’ म्हणेपर्यंत एक अंतर पूर्ण झालेले असते. सुरुवातीचाच ठोका ‘एक’ धरला तर अंतरांपेक्षा एक ठोका जास्त मोजला जातो, आणि चारने गुणल्यावर तो एक ठोका मिनिटाला चार ठोक्यांची वाढ होऊन बसतो.

दुसरी रीत अशी की ठोक्याकडे न पाहता सेकंदकाटा १२वर येताच मोजायला लागायचे. मग घड्याळ सुरू झाल्यानंतरचा पहिला ठोका ‘एक’. इथे सुरुवातीचा तुकडाही अर्धवट आणि शेवटचाही अर्धवट, त्यामुळे चूक कधी वर तर कधी खाली जाते आणि पुष्कळ वेळा मोजले तर ती भरून निघते. शून्यापासून मोजताना मात्र शेवटचे अपुरे अंतर दरवेळी सोडून दिले जाते, म्हणून आकडा किंचित कमीकडे झुकतो. दोन्ही रीती वापरण्याजोग्या आहेत. वाईट ती तिसरी, जिच्यात आज एक आणि उद्या दुसरी.

मोजताना डोळे घड्याळावर, लक्ष बोटांवर आणि तोंडात आकडे, अशी तिहेरी कसरत होते. म्हणून शक्य असेल तर घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याने ‘सुरू’ आणि ‘थांबा’ एवढेच म्हणावे. एकट्याला मोजायचे असेल तर मोबाइलवर १५ सेकंदांचा गजर लावून डोळे मिटून मोजणे सोपे जाते.

एक उदाहरण घेऊ. एका मध्यमवयीन बाईंचा विश्रांतीचा दर मिनिटाला बरोबर ७४ आहे आणि ठोके एकसारखे पडतात असे धरू. म्हणजे दोन ठोक्यांत सुमारे ०.८१ सेकंदाचे अंतर. पंधरा सेकंदांत अशी साडेअठरा अंतरे बसतात. अर्धा ठोका मोजता येत नाही. त्यामुळे सेकंदकाट्याच्या रीतीने मोजणाऱ्याला कधी १८ मिळतील, कधी १९. म्हणजे दर कधी ७२, कधी ७६. खरा ७४ हा आकडा या पद्धतीने येणारच नाही, कारण तो चारने भागला जात नाही. पद्धतीची पट्टीच चार-चारच्या खुणांची आहे: ६८, ७२, ७६, ८०. वॉर्डातल्या तक्त्यावर सगळ्या नोंदी चारच्या पाढ्यातल्याच असतील, तर तिथे पाव मिनिट मोजले जाते हे न विचारताही कळते. (आणि सगळ्यांच्या नावापुढे नेमकी ७२च लिहिलेली असेल, तर काय झाले असावे हेही.)

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सकाळी ७२ आणि संध्याकाळी ७६ आले म्हणून नाडी वाढली असे म्हणता येत नाही; तो फरक मोजणीच्या एका ठोक्याचा आहे. सकाळी ७२ आणि संध्याकाळी ९६ आले, तर तो फरक खरा. त्याच बाईंची नाडी लागोपाठ दोन पाव मिनिटे मोजली आणि १८ व १९ आले, तर बेरीज ३७, आणि ३७ दुणे ७४. अर्धा मिनिट मोजले की एका ठोक्याची चूक दोनवर येते, पूर्ण मिनिट मोजले की एकावर. उलट काही जण दहा सेकंद मोजून सहाने गुणतात. तिथे तीच चूक सहा ठोक्यांची होते.

वेळ न वाढवता अचूकता वाढवायची असेल तर प्रश्न उलटा करता येतो. ठरावीक सेकंदांत ठोके किती, असे न विचारता ठरावीक ठोक्यांना सेकंद किती लागले, असे विचारायचे. मोबाइलवरील स्टॉपवॉच एका ठोक्याला ‘शून्य’ म्हणून सुरू करावे आणि पंधराव्या ठोक्याला थांबवावे. मग ९०० ला आलेल्या सेकंदांनी भागावे. वरच्या बाईंच्या बाबतीत स्टॉपवॉच सुमारे १२.२ सेकंद दाखवील आणि ९०० भागिले १२.२ म्हणजे जवळपास ७४. बोट दाबण्यात पाव सेकंदाची गफलत झाली तरी उत्तर दीड ठोक्याने इकडेतिकडे होते, चारने नाही. डॉक्टरांसाठी केलेल्या जुन्या मनगटी क्रोनोग्राफ घड्याळांच्या तबकडीवर हीच युक्ती छापलेली असे. पंधरा किंवा तीस ठोके मोजून बटण दाबायचे, काटा जिथे थांबेल तिथे मिनिटाचा दर तयार लिहिलेला. भागाकाराची गरजच नाही.

मग पंधरा सेकंदच का मोजावे? काही ठिकाणी जास्त वेळ मोजणे हीच चूक ठरते. व्यायाम थांबवताच नाडी झपाट्याने उतरू लागते. पहिल्या एका मिनिटातच ती वीस-पंचवीस ठोक्यांनी खाली येणे ही नेहमीची गोष्ट. अशा वेळी पूर्ण मिनिट मोजले, तर हाती येतो तो व्यायामातला दरही नव्हे आणि विश्रांतीतलाही नव्हे; उतरणीवरचा सरासरी आकडा. तिथे छोटी मोजणी हवी, आणि तीही लगेच.

क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट या नावाने ओळखली जाणारी दमश्वासाची चाचणी यावरच उभी आहे. सुमारे ४१ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे चढउतार करायची, पुरुषांनी मिनिटाला २४ वेळा आणि स्त्रियांनी २२ वेळा, मेट्रोनोमच्या टिकटिकीवर. तीन मिनिटे संपली की जागीच उभे राहायचे. पहिले पाच सेकंद मनगटावर जागा शोधण्यासाठी. पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. एखाद्या मुलीचे ३८ ठोके आले तर दर १५२. या दरावरून तिच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता काढण्याचे सूत्र आहे. स्त्रियांसाठी ते असे:

```
क्षमता = 65.81 − (0.1847 × दर)
```

१५२ घातले की उत्तर येते ३७.७, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३८ मिलिलिटर प्राणवायू. मोजणीत एक ठोका चुकला तर दर चारने बदलतो, पण उत्तर पाऊण मिलिलिटरनेच हलते. इथे चार ठोक्यांची चूक चालून जाते. पाच सेकंदांऐवजी अर्ध्या मिनिटाने मोजायला सुरुवात केली तर मात्र सगळी चाचणीच फुकट, कारण तोवर नाडी कितीतरी उतरलेली असते आणि माणूस आहे त्यापेक्षा तंदुरुस्त ठरतो.

एका ठोक्याची चूक जिथे चालत नाही, अशी जागा म्हणजे उंबरठ्यावरचा निर्णय. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध नाडी मंद करते. प्रौढ रुग्णाला ते देण्यापूर्वी परिचारिका छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजते, आणि दर ६०च्या खाली असेल तर मात्रा थांबवून डॉक्टरांना विचारते. पाव मिनिटाच्या मोजणीत १५ आले तर ६० आणि १४ आले तर ५६. मधल्या ५७, ५८, ५९ ला जागाच नाही. औषध द्यायचे की नाही हे इथे अर्ध्या ठोक्यावर ठरेल, म्हणून घाईची पद्धत इथे बाद.

पण पाव मिनिटाची मोजणी सर्वांत जास्त फसते ती नाडी अनियमित असताना. चारने गुणण्यामागे एक न बोललेले गृहीत आहे: पहिल्या पाव मिनिटात जे झाले तेच पुढच्या तीन पाव मिनिटांत होणार. हृदयाचे वरचे कप्पे थरथरत राहतात त्या विकारात, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ठोक्यांत कसलाच क्रम राहत नाही. अशा रुग्णाचे लागोपाठचे चार पाव मिनिटांचे आकडे समजा २१, २७, १९ आणि २५ आले. पहिल्यावरून दर ८४ ठरतो, दुसऱ्यावरून १०८, तिसऱ्यावरून ७६. खरे ठोके त्या मिनिटात ९२. कोणत्या पाव मिनिटात मोजले यावर रुग्ण ‘ठीक’ किंवा ‘नाडी वाढलेली’ ठरणार, आणि दोन्ही शेरे चुकीचे.

पूर्ण मिनिट मोजूनही इथे एक अडचण उरते. ठोका फार लवकर पडला की हृदयात रक्त भरायला सवड मिळालेली नसते. हृदय आकुंचन पावते, पण लाट इतकी क्षीण असते की मनगटापर्यंत जाणवत नाही. म्हणून डॉक्टर छातीवर ऐकून आणि मनगटावर बोट ठेवून, दोन्ही एकाच वेळी मोजतात किंवा मोजवतात. छातीवर ११० आणि मनगटावर ९२ असतील तर १८ ठोके वाटेत हरवले. याहून फसवी एक स्थिती अशी की प्रत्येक नियमित ठोक्यामागे एक अवेळी, कमजोर ठोका येतो आणि मनगटावर एकाआड एकच पोचतो. तेव्हा बोटाला मिनिटाला ४० ठोके लागतात, तेही अगदी घड्याळासारखे सारख्या अंतराने, आणि हृदय मात्र ८० वेळा धडधडत असते. नाडी एकाएकी निम्म्याने कमी भरली तर म्हणूनच छातीला कान लावावा लागतो.

प्रत्येक अनियमितपणा आजार नसतो. तरुण माणसाने खोल श्वास आत घेतला की नाडी किंचित जलद होते आणि सोडला की सावकाश. हा चढउतार श्वासाबरोबर येतो-जातो, हे शांत बसून पाहिले की ओळखू येते. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणेही पुष्कळांना होते. अंतरे कशीही, कोणताही नेम न धरता पडत असतील, तर मात्र आकडा कितीही चांगला आला तरी डॉक्टरांना दाखवावे. विश्रांतीतला दर वारंवार १००च्या वर राहत असेल, किंवा नाडी मंद असून सोबत चक्कर किंवा भोवळ येत असेल, तरीही.

तान्ह्या बाळाचे मनगट या कामाचे नाही. तिथे ठोका सापडणेच कठीण. दंडाच्या आतल्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध नाडी लागते, आणि ती पूर्ण मिनिट मोजतात. मोठ्या माणसाची मनगटावर सापडत नसेल तर मानेवर, कंठमण्याच्या शेजारच्या खाचेत ठळक लागते. पण तिथे एकाच बाजूला आणि हलक्या हाताने बोट ठेवावे. मानेतल्या धमनीच्या त्या भागावर दाब पडला की मेंदूला रक्तदाब वाढल्याचा निरोप जातो आणि हृदय मंदावते. वयस्क माणसाला यामुळे भोवळ येऊ शकते. शिवाय जे मोजायचे तेच मोजण्याने बदलते.

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर दोन आकडे दिसतात. `SpO2` पुढचा प्राणवायूचा, `PR` पुढचा नाडीचा. ९७ आणि ८४ पाहून ‘ऑक्सिजन ८४’ म्हणून घाबरणारे कमी नव्हते. हे यंत्र बोटातल्या रक्ताच्या लाटा प्रकाशाने ओळखते आणि काही सेकंदांची सरासरी दाखवत राहते. बोट गार पडले असेल, हात हलत असेल किंवा नखावर गडद रंग असेल तर ते अडखळते. नाडी अनियमित असेल तर आकडा सारखा नाचतो. तेव्हा मनगट धरून मिनिटभर मोजणे हीच पडताळणी.

मोजलेली नाडी लिहिताना नुसता दर लिहिणे अपुरे. ‘सकाळी ७, बसून, विश्रांतीत, १५ सेकंदांत १९, दर ७६, नियमित’ एवढे लिहिले की दुसऱ्याला ती मोजणी किती बारीक होती हे समजते. ‘नियमित’ हा शब्द लिहिता येत नसेल, तर चारने गुणलेला आकडा खोडून पूर्ण मिनिटाची मोजणी नव्याने करावी.